आजीच्या वहीत जन्मतारीख नाही, फक्त सण आहे

प्रश्न: आजीनं स्वतःच्या आयुष्याबद्दल लिहिलेली वही आम्ही छापतोय. त्यात जन्म 'बेंदराला' झाला एवढंच आहे. शाळेच्या दाखल्यावर 1 जून आहे. नक्की कोणती तारीख द्यायची?

उत्तर: 1 जून आधी बाजूला ठेवा. जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी सर्रास ती टाकायचे. आपल्या निम्म्या कोल्हापूरचा वाढदिवस त्या दिवशी असतो!

खरी अडचण बेंदराची आहे, कारण आपल्याकडे बेंदूर दोन. कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठ पौर्णिमेच्या सुमारास, महाराष्ट्रीय बेंदूर आषाढ पौर्णिमेच्या आसपास. म्हणजे थेट महिन्याचा फरक. माझ्या आत्यानंही असंच लिहून ठेवलं होतं: 'जाळपोळीच्या साली, बेंदराला.'

आधी साल बघितलं. गांधीजींची हत्या 30 जानेवारी 1948 ची, जाळपोळ त्यानंतर लगेचची. मी सरळ 1948 धरून मोकळा झालो होतो. पण जुन्या माणसांचं साल पाडव्याला बदलतं. 1948 चा पाडवा 10 एप्रिलला होता, म्हणजे जाळपोळ झाली ती शके 1869 संपता संपता. त्या सालातला बेंदूर येतो 1947 मध्ये! हा घोळ सुटला तो वहीतल्या दुसऱ्याच पानावरच्या वाक्यानं: 'जाळपोळीत घर सोडलं तेव्हा मी आईच्या पोटात.' म्हणजे जन्म नंतरचा, 1948 चाच.

आता कोणता बेंदूर? त्या वर्षी ज्येष्ठ पौर्णिमा 21 जूनला आणि आषाढ पौर्णिमा 21 जुलैला होती. आत्यानं पुढं लिहिलंय, 'आबा पंढरपूरहून आले ते माझ्या पाचवीलाच.' आषाढी एकादशी 17 जुलैच्या सुमारास. जन्म जूनमधला असता तर पाचवी एकादशीच्या बरीच आधी झाली असती आणि आबा तेव्हा वारीहून परतणं शक्यच नव्हतं. म्हणून जन्म जुलैचा.

तुमच्या वहीतही असंच शोधा: बारसं, पाचवी, पेरणी, कुणाचं लग्न, कुणाचं मरण. सणाच्या ओळीपेक्षा या आजूबाजूच्या ओळी जास्त बोलतात. त्या वर्षीचं पंचांग मिळवा, आणि अधिक महिना होता का तेही बघा. असेल तर त्यापुढचे सण इंग्रजी तारखेनं उशिरा येतात. जुनं कोतवाल बुक (जन्ममृत्यूची नोंदवही) तहसीलला मिळतं का विचारा. मात्र त्यात बहुतेकदा मुलीचं नाव नसतं, नुसतं बापाच्या नावापुढं 'मुलगी' असतं, आणि कधी कधी तारीख जन्माची नसून नोंद केल्याची असते.

छापताना आजीचे शब्द आहेत तसेच ठेवा. मी तळटीपेत 'बहुधा जुलै 1948, महाराष्ट्रीय बेंदूर' असं लिहिलं आणि ते का, हे दोन ओळींत सांगितलं. दिवस मुद्दाम दिला नाही. बेंदूर पौर्णिमेलाच की आदल्या दिवशी, हे गावागणिक बदलतं आणि आत्याच्या गावातलं सांगायला आता कुणी उरलेलं नाही. दाखल्यावरची 1 जून तळटीपेत फक्त 'शाळेतली नोंद' म्हणून दिली. पेन्शनच्या कागदांवर तीच तारीख आहे, तिथं हात लावला नाही.