‘नवं काही सापडलं नाही’ हे अर्जात कसं लिहायचं?

“मॅडम, मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलंय. नवी प्रतिजैविकं शोधणाऱ्या प्रयोगशाळांत रिसर्च इंटर्नशिपसाठी अर्ज पाठवतेय, पण उत्तरच येत नाही. माझ्या प्रकल्पात शेवटी काही हाती लागलं नाही. मग पत्रात दाखवू तरी काय?”

समुपदेशनात येण्याआधी मी काही वर्षं अशाच प्रयोगशाळेत प्लेटा ओतल्या आहेत, त्यामुळे हे पत्र दोन्ही बाजूंनी वाचता येतं. तुमच्यासारखाच एक मुलगा माझ्याकडे आला होता. त्याच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही अशा बेताने त्याचीच गोष्ट सांगते.

त्याच्या पत्राची सुरुवात 1928 सालच्या फ्लेमिंगने होत होती. पुढे औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंचं संकट, मग स्वतःची जिद्द, आणि शेवटच्या परिच्छेदात एकदाचा प्रकल्प: “मी मातीतून एक नवीन, अत्यंत प्रभावी प्रतिजैविक तयार करणारा जिवाणू शोधला. त्याचा झोन स्ट्रेप्टोमायसिनपेक्षा मोठा आहे.” फ्लेमिंग प्रयोगशाळेच्या प्रमुखांना आधीच माहीत असतो, त्याला सोडून देऊ. पत्र खरं मार खात होतं ते या शेवटच्या दोन वाक्यांत.

मी त्याला प्रयोगवही आणायला सांगितली. वहीतलं काम पत्रापेक्षा कितीतरी चांगलं होतं. मातीतून 32 ॲक्टिनोमायसीट वेगळे केलेले. त्यांच्या वाढीसकट अगारचे गोल तुकडे कापून ते स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि ई. कोलाय पसरलेल्या प्लेटांवर ठेवलेले. 5 आयसोलेटनी स्टॅफिलोकोकस रोखला, त्यांतल्या 17 क्रमांकाच्या आयसोलेटने ई. कोलायही. झोन 18 मिमी. मग तोच आयसोलेट द्रवमाध्यमात 7 दिवस वाढवून, ब्रॉथ गाळून, इथाइल ॲसिटेटने अर्क काढलेला. अर्काला झोन शून्य. त्याखाली पेनने “फेल” लिहून दोनदा अधोरेखित केलेलं. पत्रात या पानाचा मागमूस नव्हता.

“हे का वगळलंस?”

“गाइडनी सांगितलं, निगेटिव्ह रिझल्ट लिहू नकोस. इम्प्रेशन वाईट पडतं.”

आधी त्या ‘नवीन’बद्दल. मातीतल्या ॲक्टिनोमायसीटांत जुनीच संयुगं पुन्हा पुन्हा सापडतात, हीच या क्षेत्राची मोठी डोकेदुखी आहे. स्ट्रेप्टोथ्रिसिन तर दहातल्या साधारण एका आयसोलेटमध्ये आणि स्ट्रेप्टोमायसिन शंभरातल्या एकात भेटतं, असा अनुभवी लोकांचा ढोबळ अंदाज आहे. म्हणून झोन दिसला की जाणकाराच्या मनात पहिला प्रश्न येतो, “हे कुठलं जुनं?” मास स्पेक्ट्रोमेट्रीसारखी तपासणी केल्याशिवाय कुणी ‘नवीन’ म्हटलं, तर या माणसाला तो प्रश्नच ठाऊक नाही एवढं समोरच्याला कळतं. झोनच्या आकाराचंही तसंच. अगारमधून लहान, पाण्यात विरघळणारा रेणू लांब पसरतो, मोठा किंवा चिकटून राहणारा जवळच थांबतो. प्लगमध्ये संयुग किती आहे हेच माहीत नसताना ठरावीक मात्रेच्या डिस्कशी मिलिमीटर ताडून पाहण्यात अर्थ नाही. दोन्ही वाक्यं आम्ही काढून टाकली.

आता ते ‘फेल’ पान. मी विचारलं, “इथाइल ॲसिटेटचा थर वेगळा केल्यावर खालच्या पाण्याच्या थराचं काय केलंस?”

“ओतून दिला.”

“आणि संयुग त्यातच असेल तर?”

तो बराच वेळ वहीकडे बघत राहिला. इथाइल ॲसिटेट पाण्यात सहज न रमणारे रेणू ओढून घेतो. स्ट्रेप्टोथ्रिसिन किंवा स्ट्रेप्टोमायसिनसारखे आम्लारीधर्मी, पाण्यावर जीव असलेले रेणू त्यात येतच नाहीत, पाण्यातच राहतात. शिवाय हे दोन्ही ई. कोलायलाही रोखतात, आणि 17 नंबर नेमकं तेच करत होता. म्हणजे शून्य झोनचा अर्थ ‘क्रिया नाही’ असा होत नव्हता. ‘या विद्रावकात आली नाही’ एवढाच होत होता. दुसरी शक्यता अशी की संयुग द्रवमाध्यमात तयारच झालं नसेल. अगारवर संयुग बनवणारे बरेच स्ट्रेप्टोमायसीस ब्रॉथमध्ये गप्प बसतात. पुढच्या भेटीला तो तिसरी शक्यता स्वतः शोधून आला: संयुग पेशींच्या गोळ्यांतच अडकलं असेल, आणि गाळताना त्या त्याने फेकून दिल्या होत्या. तिथे मला कळलं की पत्र आता लिहून होणार.

त्याने लिहिलेला मजकूर असा:

“32 ॲक्टिनोमायसीटांपैकी 5 आयसोलेटनी अगार प्लग पद्धतीत स्टॅ. ऑरियसची वाढ रोखली. एका आयसोलेटने ई. कोलायचीही. तो आयसोलेट द्रवमाध्यमात 7 दिवस वाढवून काढलेल्या इथाइल ॲसिटेट अर्कात क्रिया आढळली नाही. विद्रावकाच्या कंट्रोलमध्येही झोन नव्हता. पाण्याचा थर आणि पेशी मी तपासल्या नव्हत्या, त्यामुळे संयुग तयार झालं नाही की अर्कात आलं नाही, हे मला सांगता येत नाही. पुन्हा केल्यास आधी गाळलेला मूळ ब्रॉथ, पाण्याचा थर आणि पेशींचा मिथेनॉलमधला अर्क एकाच प्लेटवर शेजारी तपासेन. जिवाणू न टाकता तसंच ठेवलेलं माध्यम कंट्रोल म्हणून घेईन. क्रिया फक्त पाण्याच्या थरात आढळल्यास स्ट्रेप्टोथ्रिसिन गटाचा संशय आधी तपासावा लागेल.”

गाइडचं म्हणणं पूर्ण चूक नव्हतं. नुसतं “झोन मिळाला नाही” लिहिलं असतं तर खरंच काही उपयोग नव्हता. निगेटिव्ह रिझल्टला वजन येतं ते कंट्रोलमुळे आणि पुढचा प्रयोग नेमका सांगितल्यामुळे.

बाकीचं पत्र चटकन झालं. ‘विविध तंत्रांचं सखोल ज्ञान’ गेलं. त्याजागी स्वतः काय केलंय आणि काय नुसतं पाहिलंय हे वेगळं लिहिलं. ब्रॉथमध्ये दुप्पट-दुप्पट विरल करत एमआयसी काढणं त्याने फक्त प्रात्यक्षिकात पाहिलं होतं, तर तसंच लिहिलं. किती महिने, कोणत्या तारखेपासून, आणि ज्यांना विचारता येईल अशा एका शिक्षकांचं नाव. सगळं मिळून एक पान.

एक वाक्य मात्र दर प्रयोगशाळेसाठी बदलायचं ठरलं. जी प्रयोगशाळा जुनी संयुगं ओळखून बाजूला काढण्यावर काम करते तिला पाण्याच्या थराचा प्रश्न जवळचा. जी सहज न वाढणारे मातीतले जिवाणू वाढवू पाहते तिला तो दुय्यम. तिथे त्याने कोणतं माध्यम आणि किती दिवसांचं इन्क्युबेशन वापरलं हे आधी आणलं. त्यासाठी प्रत्येक ठिकाणचा एक अलीकडचा शोधनिबंध नीट वाचावा लागला, आणि अर्जांची संख्या आपोआप कमी झाली. माझ्या मते ते बरंच झालं.

एका ठिकाणाहून नकार आला, एका ठिकाणाहून काहीच नाही. तिसऱ्या ठिकाणी प्रमुखांनी बोलावून पहिलाच प्रश्न केला, “तो आयसोलेट अजून आहे का?” त्याने बीजाणू ग्लिसरॉलमध्ये गोठवून ठेवले होते. इंटर्नशिप तिथेच मिळाली. पाण्याच्या थरात क्रिया निघालीही, आणि संयुग जुनंच होतं.

तुम्ही ‘काही हाती लागलं नाही’ म्हणता तेव्हा प्रयोग नेमका कोणत्या पायरीवर थांबला, त्या दिवशी कोणते कंट्रोल होते आणि काय फेकून दिलं गेलं, एवढं वहीतून उतरवून मला पाठवा. आयसोलेट गोठवून ठेवले असतील तर तेही कळवा.