निकोमिडीजचा काळ शोधताय? आधी एवढंच करा

जन्मसाल शोधत बसू नका, ते मिळणार नाही. निकोमिडीज हा प्राचीन ग्रीक गणिती, आणि त्याचा स्वतःचा ग्रंथ हरवला आहे. त्याच्याबद्दल बोलतात ते पॅपस (इ.स. चौथं शतक), प्रॉक्लस (पाचवं) आणि युटोशिअस (सहावं), म्हणजे त्याच्यानंतर पाच-सातशे वर्षांनी.

सुरुवातीला वहीत प्रत्येक उल्लेखापुढे दोनच गोष्टी लिहा: कोण सांगतोय, आणि तो कोणाचा हवाला देतोय. मग काळाच्या दोन कडा शोधा.

- आधीची कड: युटोशिअस सांगतो की शंखवक्र या स्वतः शोधलेल्या वक्रावरच्या ग्रंथात निकोमिडीज आपल्या शोधाची फुशारकी मारतो आणि घन दुप्पट करण्याच्या, इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या एराटोस्थेनिसच्या रीतीची टर उडवतो. टर उडवायची तर ती रीत आधी असायला हवी.
- नंतरची कड: सहाव्या शतकातला भाष्यकार सिम्प्लिशिअस, त्याच्या आधीच्या इयाम्ब्लिकस या तत्त्वज्ञाच्या हवाल्याने म्हणतो की इ.स.पू. २०० च्या सुमाराचा गणिती अपोलोनिअस याने आपल्या एका वक्राला ‘शंखवक्राची बहीण’ म्हटलं. म्हणजे शंखवक्र तोवर माहीत होता.

यावरून इ.स.पू. तिसरं शतक, फार तर दुसऱ्याची सुरुवात, एवढं म्हणता येतं. दुसरी कड जरा कच्ची आहे: हवाला तिसऱ्या हाताचा, आणि ‘शंखवक्र’ म्हणजे निकोमिडीजचाच वक्र, हे आपण धरून चालतो.

नवखे हमखास चुकतात ते इथे: कोशातलं ‘इ.स.पू. २८० ते २१०’ बघून त्याला जन्म-मृत्यू समजतात. तो या कडांवरून बांधलेला अंदाज आहे. मीही पहिल्या टिपणात तेच उतरवलं होतं, पेनने!