वडिलांकडून वारसाने ३० लाख रुपये आले आहेत. म्युच्युअल फंडात एकदम टाकू की दरमहा थोडे थोडे?

या ३० लाखांपैकी इक्विटी फंडात एकूण किती जाणार, हे आधी ठरवावे, कारण तुमचा नफा-तोटा हप्त्यांपेक्षा त्या आकड्यावर अधिक अवलंबून राहील. समजा, येत्या पाच वर्षांत लागणारे १२ लाख तुम्ही मुदत ठेवीत बाजूला काढले आणि १८ लाख इक्विटीसाठी उरले. ते लिक्विड फंडात ठेवून दरमहा दीड लाख त्याच कंपनीच्या इक्विटी फंडात वळवण्याच्या सोयीला एसटीपी म्हणतात. पहिला हप्ता आज आणि बारावा अकरा महिन्यांनी गेला, तर पैसे सरासरी साडेपाच महिने थांबून राहतात. इक्विटीचा परतावा वर्षाला १२ टक्के आणि लिक्विडचा साडेसहा टक्के धरला, तर या थांबण्याची किंमत साधारण ४५ हजार रुपये येते. तो मी विम्याचा हप्ता समजतो. (लिक्विड फंडातून निघणाऱ्या प्रत्येक हप्त्यातील नफ्यावर तुमच्या स्लॅबप्रमाणे कर लागतो, तो वेगळा.)

त्या बदल्यात मिळते ते असे: बाजार वर्षभरात सावकाश ३० टक्के उतरला, तर एकदम गुंतवलेल्या १८ लाखांत ५ लाख ४० हजारांची घट दिसेल, हप्त्यांनी गुंतवल्यास सुमारे सव्वातीन लाखांची. मात्र हे संरक्षण शेवटच्या हप्त्याबरोबर संपते. ज्याची बारा महिन्यांची एसटीपी डिसेंबर २०१९ मध्ये पूर्ण झाली, त्याची सगळी रक्कम मार्च २०२०च्या पडझडीत सापडलीच. बाजार बहुतेक वर्षांत वर जातो, म्हणून निव्वळ हिशेबाने एकरकमी गुंतवणूक अधिक वेळा सरस ठरते.

माझी चूक वेगळीच होती. मला वारशाचे पैसे मिळाले तेव्हा मी ऑक्टोबर २०१९ पासून बारा हप्ते लावले आणि सहावा हप्ता गेल्यावर, निफ्टी ७,६१० वर बंद झाला त्याच आठवड्यात, घाबरून एसटीपी रद्द केली. ज्या स्वस्ताईसाठी पैसे राखून ठेवले होते, ती समोर असताना मी हात आखडता घेतला. उरलेले सहा हप्ते नोव्हेंबरच्या अखेरीस, निफ्टी १३,००० च्या आसपास असताना, एकदम भरले.

तुमच्या जागी मी सहाच हप्ते लावीन, कारण मुदत वाढली की थांबण्याची किंमतही वाढते. आणि १८ लाखांचे साडेबारा लाख झालेले पाहून आपण एसटीपी बंद करू असे आजच वाटत असेल, तर हप्ते लांबवण्याऐवजी इक्विटीचा आकडा १२ लाखांवर आणीन व सुटलेले ६ लाख मुदत ठेवीत घालीन.