पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये नाव, पत्ता आणि विम्याची रक्कम चुकलीय, दुरुस्ती कशी मागायची?

प्रश्न: "किराणा दुकानाची विमा पॉलिसी १ एप्रिलपासून चालू आहे. शेड्यूल आता नीट पाहिलं तर माझ्या नावाचं स्पेलिंग चुकलंय, पत्ता जुन्या दुकानाचा आहे आणि मालाचा विमा ४० लाखांऐवजी ४ लाख छापलाय. एजंट म्हणतो, क्लेमच्या वेळी बघू. काय करू?"

उत्तर:

क्लेमच्या वेळी बघू, हे अजिबात मान्य करू नका. आग लागल्यानंतर किंवा पाणी शिरल्यानंतर विम्याची रक्कम वाढवून मिळत नाही, आणि तुमच्या तीन चुकांमधली सर्वांत महाग चूक तीच आहे. आधी तिच्याकडे वळू.

दोन कागद शेजारी ठेवा: शेड्यूल आणि तुम्ही सही केलेला प्रपोजल फॉर्म. फॉर्मची प्रत नसेल तर कंपनीकडे लेखी मागा. फॉर्मवर ४० लाख असतील तर चूक कंपनीची, ४ लाख असतील तर तुमच्या बाजूची. एजंटने फॉर्म भरला असला तरी खाली सही तुमची असते, म्हणून प्रत पाहिल्याशिवाय कुणाला दोष देऊ नका.

मग प्रीमियम पाहा. समजा मालाचा दर हजारी दीड रुपया आहे (हा आकडा केवळ हिशेबासाठी, तुमचा दर वेगळा असेल). ४० लाखांवर वर्षाचा प्रीमियम ६,००० रुपये होतो, ४ लाखांवर ६०० रुपये; जीएसटी वेगळा. शेड्यूलमध्ये ६,००० दिसत असतील तर पैसे पूर्ण रकमेचे घेतले आणि एक शून्य टंकायचं राहिलं, हे उघड आहे. अशा वेळी जादा पैसे न भरता, पॉलिसी सुरू झाल्याच्या तारखेपासून दुरुस्ती मागायची आणि तारखेचा आग्रह सोडायचा नाही.

६०० च घेतले असतील तर गोष्ट वेगळी. विमा कायदा १९३८ च्या कलम ६४व्हीबी प्रमाणे प्रीमियम आधी जमा झाल्याशिवाय कंपनी जोखीम पत्करू शकत नाही. त्यामुळे वाढीव ३६ लाखांचं संरक्षण सहसा पैसे भरल्यापासून पुढे लागू होतं. १ जुलैला भरलेत तर ३६५ पैकी २७४ दिवस उरतात: ५,४०० गुणिले २७४ भागिले ३६५, म्हणजे सुमारे ४,०५४ रुपये, अधिक १८ टक्के जीएसटी. साधारण ४,७८४ रुपयांत प्रश्न मिटतो. फॉर्मवर ४० लाख असूनही ६०० घेतले असतील तर तेही पत्रात स्पष्ट लिहा, पण वाद मिटेपर्यंत थांबू नका. आधी फरक भरून संरक्षण चालू करून घ्या.

एवढी घाई का, ते आकड्यांतच बघा. दुकानात प्रत्यक्ष माल ४० लाखांचा, विमा ४ लाखांचा आणि आगीत नुकसान ६ लाखांचं. पुष्कळांना वाटतं की निदान ४ लाख तरी मिळतील. मिळत नाहीत. कमी विमा उतरवला की भरपाई त्याच प्रमाणात कापली जाते: ६ लाख गुणिले ४ भागिले ४०, म्हणजे ६० हजार, आणि त्यातून पॉलिसीतली अनिवार्य वजावट पुन्हा वेगळी. तुमची पॉलिसी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा या प्रकारची असेल तर १५ टक्क्यांपर्यंतची कमतरता माफ असते, पण इथे ती ९० टक्के आहे.

दुकानदारांच्या पॅकेज पॉलिसीत तोच माल आगीच्या विभागात आणि घरफोडीच्या विभागात असा दोनदा लिहिलेला असतो. दुरुस्ती एका ठिकाणी होते आणि दुसरीकडे ४ लाख तसेच राहतात, हे फार वेळा घडतं. पत्रात दोन्ही विभागांची नावं घ्या.

आता पत्ता. शेड्यूलवर पत्ते दोन असतात: पत्रव्यवहाराचा आणि जोखमीच्या जागेचा. पहिला चुकला तर टपाल चुकेल, एवढंच. दुसरा मात्र विम्याचा गाभा आहे. तिथे जी जागा लिहिली आहे त्याच जागेतला माल विम्यात धरला जातो. तुमचं दुकान पॉलिसी घेण्याआधीच नव्या जागी होतं आणि फॉर्मवर नवा पत्ता होता, तर ती छपाईची चूक. दुकान नंतर हलवलं असेल तर तो बदल आहे. कंपनी नवी जागा पाहायला माणूस पाठवू शकते, दर बदलू शकते, आणि संरक्षण नव्या तारखेपासून चालू होईल. गाळा नंबर, मजला, पिनकोड भाडेकरारावर किंवा वीजबिलावर आहे तसाच लिहा.

नावाचं स्पेलिंग दुरुस्त करणं सोपं आहे. पॅन कार्डाची प्रत पुरते. फक्त एक तपासा: दुकान एकट्याच्या मालकीचं असेल तर दुकानाचं नाव आणि मालकाचं नाव दोन्ही यायला हवीत, आणि जीएसटी क्रमांक व बँक खात्यावरच्या नावाशी ती जुळायला हवीत. नाही तर मंजूर झालेला क्लेमही पैसे देण्याच्या टप्प्यावर अडकतो. मालावर कर्ज असेल तर बँकेचं आणि शाखेचं नावही वाचून घ्या. मात्र वडिलांच्या नावाच्या जागी मुलाचं नाव घालणं ही दुरुस्ती नव्हे. मालक बदलला की कंपनीची संमती लागते, आणि ते "नाव चुकलं" या सदराखाली मागितलं तर पुढे क्लेममध्ये त्रास होतो.

पत्र एजंटच्या व्हॉट्सअॅपवर नको. शेड्यूलवर पॉलिसी देणाऱ्या कार्यालयाचा पत्ता असतो, तिथे आणि कंपनीच्या ग्राहकसेवेच्या ईमेलवर पाठवा, एजंटला प्रत द्या. मजकूर असा पुरे:

"पॉलिसी क्रमांक अमुक, कालावधी अमुक. शेड्यूलमध्ये मालाची विमा रक्कम आग व घरफोडी या दोन्ही विभागांत ४,००,००० छापली आहे. प्रपोजल फॉर्मनुसार ती ४०,००,००० हवी. जोखमीचा पत्ता आणि विमाधारकाचे नाव सोबतच्या कागदांप्रमाणे दुरुस्त करावे. तिन्ही दुरुस्त्या पॉलिसी सुरू झाल्याच्या तारखेपासून लागू करून एन्डॉर्समेंट द्यावी. जादा प्रीमियम लागत असल्यास हिशेबासह लगेच कळवावे."

सोबत प्रपोजल फॉर्म, प्रीमियमची पावती, पॅन, भाडेकरार आणि पॉलिसी घेतली त्या सुमाराचं स्टॉक स्टेटमेंट जोडा. तक्रार क्रमांक घ्या. शेड्यूलवर पेनने खाडाखोड करू नका, कुणी करून दिली तरी ती चालत नाही.

उत्तरात "नोंद घेतली" असा ईमेल आला तर काम झालेलं नाही. एन्डॉर्समेंट हा वेगळा कागद असतो: त्याला स्वतःचा क्रमांक, मूळ पॉलिसी क्रमांक, "याऐवजी असे वाचावे" अशी दुरुस्ती आणि लागू होण्याची तारीख असते. ती तारीखच सर्वांत आधी वाचा. १ एप्रिल मागून १ जुलै छापून आली तर त्याच दिवशी परत पाठवा.

कंपनी दाद देत नसेल तर तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा, आणि bimabharosa.irdai.gov.in वर किंवा १५५२५५ या क्रमांकावर नोंदवा. तक्रारीला महिना उलटूनही उत्तर नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. एकट्याच्या मालकीचा व्यवसाय आणि सूक्ष्म उद्योग त्यांच्या कक्षेत येतात. या काळात काही नुकसान झालंच तर तुमचं तारखेचं पत्र आणि फॉर्मची प्रत हाच तुमच्या बाजूचा पुरावा असेल, म्हणून ईमेल आजच पाठवा.