स्टेपलर अडकतो तेव्हा आधी कुठे बघायचं?

प्रश्न : सेतू केंद्रात दिवसभर अर्ज जोडतो. दहा नंबरचा स्टेपलर नवी पट्टी भरली की झकास चालतो, अन् शेवटी शेवटी सारखा अडकायलाय. पिना बदलून बघितल्या, फरक नाही. नवाच घ्यावा का? (परभणी)

इतक्यात घेऊ नका. ‘शेवटी शेवटी’ या दोन शब्दांतच दुखणं सापडतं. खोबणीतल्या पिनांना मागून एक तुकडा ढकलत असतो आणि त्याचा सगळा जोर स्प्रिंगवर असतो. पट्टी भरलेली असते तेव्हा स्प्रिंगवर ताण जास्त, म्हणून रेटाही जास्त. पिना संपत येतात तसा हा रेटा कमी होतो. त्यामुळे स्प्रिंग थकली किंवा खोबणीत घाण साचली, तर त्याचा त्रास आधी शेवटच्या पिनांना होतो. पिन तोंडापर्यंत पूर्ण पोचत नाही, तिरकी राहते. पिनेला वरून ठोकणारं पातं तिच्या पाठीवर सरळ बसण्याऐवजी कडेवर बसतं, पिन वाकते आणि पुढची तिच्यावर चढते.

अडकल्यावर पुन्हा जोरात दाबायचा मोह आवरा. दुसऱ्या ठोक्याने पिन पाचरीसारखी घट्ट बसते. झाकण उघडा, उरलेली पट्टी काढून ठेवा आणि तोंड चेहऱ्यापासून लांब, टेबलाकडे धरा. वाकलेली पिन बारीक चिमट्याने खाली, म्हणजे एरवी ती जिकडे बाहेर पडते तिकडेच ओढा. हाती लागत नसेल तर आतून सुईच्या टोकाने खाली रेटा. निघालेली पिन नीट बघा. तिचा एक पाय तुटलेला असेल तर तो अजून आतच आहे, आणि तो निघाल्याशिवाय पुढचीही अडकणार.

मग खोबण जुन्या टूथब्रशने झाडा. पट्टीतल्या पिना गोंदाने चिकटवलेल्या असतात. त्या गोंदाचे कण कडांना धरून बसतात. ते स्पिरिट लावलेल्या कापसाने पुसा. खोबरेल तेल सोडू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यातली धूळ त्यात बसली की आत चिखलच होतो.

आता स्प्रिंगची परीक्षा. खोबण रिकामी ठेवून ढकलणारा तुकडा बोटाने मागे घ्या आणि हळूहळू पुढे येऊ द्या. दरवेळी एकाच जागी थांबत असेल तर तिथे घाण आहे, नाहीतर स्टेपलर पडून खोबणीची भिंत आत दबली आहे. न अडखळता पुढे येतो, पण तोंडाशी आल्यावर बोटाने मागे सारताना विरोधच जाणवत नाही, तर स्प्रिंग थकली. ती ओढून लांबवली तर थोडे दिवस चालते, पुन्हा ढिली पडते. तोवर पट्टी निम्म्यावर आली की तिच्यामागे अर्धी पट्टी घालत जा, म्हणजे स्प्रिंगवर ताण टिकेल. छोट्या स्टेपलरची सुटी स्प्रिंग सहसा मिळत नाही, त्यामुळे एवढं करूनही भागलं नाही तर मात्र नवा घ्या.

प्रश्न : क्लासच्या नोट्स जोडताना पिन आरपार जाते, पण मागून एक पाय वळतो आणि एक उभाच राहतो. मुलांच्या बोटांना टोचतं. (लातूर)

इथे खोबणीचा दोष नाही. खाली तळावर दोन खाचांची लोखंडी चकती असते, तिच्याकडे बघा. पिनेचे पाय त्या खाचांच्या बाहेरच्या टोकांत उतरतात आणि खाचेच्या उताराने आत वळतात. एक पाय खाचेबाहेर पडला की तो उभाच राहणार. कागदाचा कपटा चकतीवर चिकटवून स्टेपलर हलकेच दाबा. पायांचे ठसे कुठे पडले ते दिसेल. दोन्ही एकाच बाजूला सरकले असतील तर मागचा बिजागरीचा खिळा ढिला झालाय, किंवा तळ वाकलाय. काही स्टेपलरमध्ये ही चकती फिरवता येते, म्हणजे पाय बाहेर वळतात आणि पिन सहज उपसता येते. ती अर्धवट फिरलेली असेल तर नीट बसेपर्यंत फिरवा. बऱ्याचदा एवढ्यावरच काम होतं.

दोन्ही पाय सारखेच आखूड, न वळलेले राहत असतील तर पानं जास्त झाली. दहा नंबरच्या पिनेचा पाय सुमारे ५ मिमी असतो. झेरॉक्सची २० पानं साधारण २ मिमी जाड होतात, त्यापुढे वळायला पुरेसा पाय उरत नाही. जाड संचाला २४/६ ची पिन लागते, तिचा पाय ६ मिमी. पण ती तिच्याच मापाच्या स्टेपलरमध्ये घाला, दहा नंबरच्या खोबणीत ती बसत नाही.

प्रश्न : दाबलेलं हँडल वरच येत नाही, आणि पुढच्या दाबाला पिन निघत नाही. (अंबाजोगाई)

पातं तोंडातच उतरून राहिलंय, म्हणून पुढच्या पिनेला त्याच्याखाली यायला जागा नाही. आधी वर सांगितल्याप्रमाणे वाकलेली पिन आहे का बघा. नसेल तर हँडल उचलणारी पत्र्याची पट्टी-स्प्रिंग तपासा. तिचं टोक जागेवरून निसटलं असेल तर चिमट्याने परत बसवता येतं. मोडली असेल तर तो स्टेपलर संपला.