भाकरी सुटली, भात राहिला

प्रश्न : वडील ५८ वर्षांचे आहेत. त्यांना चहा कढतच लागतो. तंबाखू-चुना आहे, शिवाय दिवसाला चार-पाच पाने होतात. तीन महिन्यांपासून भाकरी छातीत अडकते म्हणतात, पाण्याचा घोट घेऊन ढकलतात. ॲसिडिटीच्या गोळ्यांनी थोडे बरे वाटते. हे चहामुळे झाले असेल का, आणि एवढ्यासाठी दुर्बीण घालून घ्यायलाच हवी का? (खानापूर तालुका)

होय, दुर्बिणीची तपासणी हवी, आणि गोळ्यांचा आणखी एक महिना न घालवता हवी. असे ठामपणे का म्हणतो, हे निपाणी भागातील एका मावशींच्या उदाहरणावरून सांगतो. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पन्नाशी ओलांडलेल्या या मावशी तंबाखूच्या वखारीत निवडायला जात. सकाळी मिश्री, दिवसभर अधूनमधून तंबाखू घातलेले पान, आणि चुलीवरून उतरलेला चहा वाफ जाण्याआधीच संपवायचा, अशी सवय लग्नानंतर लागलेली होती. सुनेने त्यांना तंबाखू सोडवण्यासाठी माझ्याकडे आणले होते. गिळण्याची तक्रार कोणी काढलीही नव्हती. मी नेहमीप्रमाणे "घास अडकतो का?" असे विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "न्हाई हो, सगळं जातंय." हे उत्तर खोटे नव्हते, कारण जे जात नव्हते ते त्यांनी ताटातून केव्हाच काढून टाकले होते.

म्हणून मी हल्ली "अडकते का" एवढ्यावर थांबत नाही. गेल्या दिवाळीत काय खात होता आणि काल काय खाल्ले, हे विचारतो. सुनेने सांगितले ते असे : आधी मटणाचा तुकडा बंद झाला, मग ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून खाणे सुरू झाले, नंतर भाकरीच सुटली, आणि आता मऊ भात व आंबील एवढ्यावर आले आहे. घरातल्यांनी त्याचा अर्थ "दात गेले म्हणून" असा लावला होता. डब्यात भाकरी होती. तिचा नखाएवढा तुकडा मावशींनी खूप वेळ चावला, मान थोडी पुढे काढून गिळला, मग छातीच्या मधोमध तळवा दाबून थांबल्या आणि न सांगता पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

कडक घास, मग मऊ घास, मग पातळ, या क्रमाने वाढत जाणारी अडचण म्हणजे अन्ननलिका आतून अरुंद होत असल्याची खूण असते. घशात सतत गोळा असल्यासारखे वाटणे, पण जेवताना तो जाणवेनासा होणे, हा प्रकार वेगळा असतो आणि त्यामागे बहुधा गाठ नसते. अडकण्याची जागा रुग्ण बोटाने दाखवतो तीही फसवी असू शकते. अडथळा खाली असतानाही गळ्याशी अडकल्यासारखे वाटते, आणि मग माणूस घशाच्याच औषधांत अडकून पडतो. यातली कठीण बाब अशी की अन्ननलिका चांगलीच ताणली जाते, त्यामुळे तिचा बराचसा भाग आक्रसेपर्यंत काहीच जाणवत नाही. गिळताना त्रास होणे हे तसे उशिराचेच लक्षण आहे, म्हणूनच भाकरी आणि भात यांच्यामधला काळ वाया घालवणे परवडत नाही. ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचनांनुसार अशा तक्रारीवर, वय कोणतेही असले तरी, दोन आठवड्यांच्या आत दुर्बिणीची तपासणी व्हावी असे अपेक्षित असते. गोळीने बरे वाटले म्हणून गाठ नाही असे ठरत नाही, कारण गोळी जळजळ कमी करते, नळीची रुंदी वाढवत नाही.

मावशींची भीती दुर्बिणीपेक्षा तपासणीसाठी आतला तुकडा काढण्याची होती. "हात लावला की पसरतंय" हे वाक्य आमच्या भागात मी फार ऐकतो. तुकडा काढल्याने आजार पसरत नाही. तो काढल्याशिवाय मात्र आजार कोणता हेच कळत नाही. उपाशीपोटी जावे लागते, घशात बधिर करणारा फवारा मारतात, गरज असल्यास गुंगीचे औषध देतात, आणि प्रत्यक्ष तपासणी काही मिनिटांचीच असते. मावशींच्या अन्ननलिकेच्या मधल्या भागात व्रण असलेली गाठ दिसली, आणि तुकड्याचा अहवाल 'स्क्वॅमस सेल कार्सिनोमा' असा आला. अन्ननलिकेच्या आतल्या अस्तरातून निघणारा हा कर्करोग बहुतेक वेळा वरच्या किंवा मधल्या भागात होतो. जुनाट ॲसिडिटीशी ज्याचा संबंध जोडतात तो प्रकार वेगळा, आणि तो बहुधा खालच्या टोकाला असतो. सीटी स्कॅनमध्ये आजार दूरच्या अवयवांत गेलेला नव्हता. केमोथेरपी आणि रेडिएशन एकत्र देऊन त्यानंतर शस्त्रक्रिया झाली. आज त्या थोडे थोडे, पण दिवसातून बऱ्याच वेळा खातात, आणि जेवल्यावर लगेच आडव्या होत नाहीत.

आता चहाचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंश सेल्सियसपेक्षा गरम पेयांना 'बहुधा कर्करोगकारक' ठरवले. दोष चहाच्या पानांचा नसून उष्णतेचा आहे. अस्तर पुन्हा पुन्हा भाजते आणि पुन्हा पुन्हा भरून येते, यात बिघाडाला वाव मिळतो. इराणच्या गोलेस्तान प्रांतात सुमारे ५०,००० लोकांचा पाठपुरावा करून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोज ७०० मिलिलिटरपेक्षा जास्त चहा ६० अंश किंवा त्याहून गरम पिणाऱ्यांत हा धोका, कमी आणि कोमट पिणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे ९० टक्के अधिक आढळला. तरी तुमच्या वडिलांच्या बाबतीत सगळे चहावर ढकलणे मला पटत नाही. तंबाखू आणि सुपारी यांच्याबाबत 'बहुधा' हा शब्दच लागत नाही. तंबाखू न घातलेले पानसुद्धा कर्करोगकारक असल्याचे याच संस्थेने २००४ च्या अहवालात नोंदवले आहे. चुना-तंबाखूचा रस थुंकला तरी लाळेबरोबर काही भाग पोटात जातोच, आणि वडीलधाऱ्यांसमोर थुंकायला संकोचणाऱ्या बायका तर तो सरळ गिळतात. त्यात दारूची भर असेल, तर धोका फार वाढतो. वडिलांना हे एकदा स्पष्ट विचारा. मुलाला सांगणार नाहीत, पण डॉक्टरांना सांगतील.

चहा बंद करण्याची गरज नाही. बशीत ओतून, फुंकर न घालता घोट घेता येईल एवढा निवू द्यावा. तंबाखू आणि पान मात्र अहवालाची वाट न पाहता सोडवायला घ्यावे, कारण उपचार करावे लागले तर भूल आणि जखम भरणे या दोन्हींसाठी त्याचा उपयोग होतो.

डॉक्टरांकडे जाताना 'पित्त' हा शब्द आधी काढू नका. तीन महिन्यांत कोणते पदार्थ सुटले, वजन किती उतरले, पँट सैल झाली का, आवाज बसला का, पाणी पिताना ठसका लागतो का, हे कागदावर लिहून न्या, आणि तोंडही तपासून घ्या. पानामुळे गालात पांढरे चट्टे असू शकतात. बेळगाव, कोल्हापूर किंवा मिरज, जिथे लवकर तारीख मिळेल तिथे जा. तोपर्यंत मऊ भात, खिचडी, दूध, अंडे असे अन्न द्या आणि भाकरीचा हट्ट करू नका. घास अडकून लाळही गिळता येईनाशी झाली किंवा उलटीत रक्त दिसले, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात न्या.