हात कापतो, पण कधी? सेरेबेलम आणि बेसल गँग्लिया वेगळे ओळखताना

प्रश्न: एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. सेरेबेलम आणि बेसल गँग्लियाची लक्षणं एमसीक्यूमध्ये कायम उलटीपालटी होतात. ट्रेमर दोन्हीकडे, चाल दोन्हीकडे बिघडते. तक्ता तीनदा पाठ केला, तरी आठवड्यात विसरतो. वेगळं ओळखायचं कसं?

उत्तर:

तक्ता बाजूला ठेवा आणि चहा पिणारी दोन माणसं डोळ्यांसमोर आणा.

पहिला माणूस खुर्चीत बसलाय, हात मांडीवर. तुमचं बोलणं ऐकताना त्याच्या उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर फिरतोय, गोळी वळावी तसा. सेकंदाला चार ते सहा वेळा. कप घ्यायला हात पुढे केला की थरथर थांबते किंवा कमी होते. हात निघायलाच वेळ लागतो, पण निघाला की सावकाश का होईना, सरळ कपाकडे जातो. हा पार्किन्सनचा, म्हणजे बेसल गँग्लियाचा रुग्ण.

दुसऱ्या माणसाचा हात मांडीवर अगदी शांत आहे. कप उचलून तोंडाकडे नेताना सुरुवातीलाही फारसं काही दिसत नाही. ओठ चार बोटांवर आले की मात्र कप डावीउजवीकडे हेलकावे घ्यायला लागतो, जितका जवळ तितका जास्त, आणि चहा शर्टावर सांडतो. हा सेरेबेलमचा. 'इंटेन्शन ट्रेमर' हे नाव इथेच फसवतं. मुलांना वाटतं, हालचाल करायचं मनात आलं की कंप सुरू होतो. प्रत्यक्षात तो लक्ष्य जवळ येताना वाढतो. म्हणून प्रश्नात 'विश्रांतीत', 'लक्ष्याजवळ' असे शब्द आधी शोधा. ट्रेमर आहे एवढ्यावरून काहीच ठरत नाही, तो कधी आहे यावरून बरंच ठरतं.

आता हे असं का होतं ते बघू. कारण कळलं की सेरेबेलमची निम्मी लक्षणं पाठ करावी लागत नाहीत.

बोट नाकाकडे नेताना बायसेप्स ओढतो. बोट नाकाला लागायच्या आधीच ट्रायसेप्सने ब्रेक लावावा लागतो. बोट पोचल्याचं डोळ्यांनी बघून मग ब्रेक लावू म्हटलं तर जमत नाही, कारण डोळ्यांनी पाहिलेली चूक दुरुस्त होऊन स्नायूपर्यंत यायला सेकंदाचा दहावा हिस्सा तरी जातो, आणि तेवढ्यात बोट पुढे निघून गेलेलं असतं. एसटीचा ड्रायव्हर थांबा यायच्या आधीच ब्रेकवर पाय ठेवतो, तसा हा अंदाज आधीच बांधलेला असावा लागतो. तो अंदाज बांधणं हे सेरेबेलमचं काम.

सेरेबेलमला इजा झाली की ट्रायसेप्सचा ब्रेक उशिरा लागतो. बोट नाकाच्या पुढे जातं, हा झाला डिसमेट्रिया. रुग्णाला ते दिसतं, तो बोट मागे घेतो, पण या परतीच्या हालचालीचा ब्रेकही उशिराच लागतो, त्यामुळे बोट मागे जास्त जातं. मग पुन्हा पुढे. ही जी ये-जा चालते तोच इंटेन्शन ट्रेमर. म्हणजे डिसमेट्रिया आणि इंटेन्शन ट्रेमर ही दोन वेगळी लक्षणं म्हणून लक्षात ठेवायची गरजच नाही.

रिबाउंडही त्याच ब्रेकचा. रुग्णाला कोपर वाकवून जोरात ओढायला सांगा, तुम्ही मनगट धरून विरोध करा आणि एकदम सोडा. निरोगी माणसाचा हात जागच्या जागी थांबतो. याचा स्वतःच्या तोंडावर आदळतो, म्हणून ही तपासणी करताना दुसरा हात रुग्णाच्या चेहऱ्यासमोर धरायचा असतो. पंजा पालथा-उताणा भरभर करायला सांगितला की प्रत्येक उलटीला वेळेवर ब्रेक हवा, तो नसतो, म्हणून डिसडायडोकोकायनेशिया. बोलण्यात तेच झालं की शब्द तुटक, एकेका अक्षरावर हेल देत येतात.

गॉर्डन होम्स या ब्रिटिश न्यूरॉलॉजिस्टने पहिल्या महायुद्धात डोक्याला गोळी लागून सेरेबेलमला इजा झालेले सैनिक तपासले आणि यातली बरीच लक्षणं बारकाईने लिहून ठेवली. त्याच्या एका रुग्णाने सांगितलं होतं की चांगला हात आपोआप हलतो, पण बिघडलेल्या हाताची प्रत्येक हालचाल विचार करून करावी लागते. सेरेबेलम रोज गुपचूप काय करतो, ते मला या एका वाक्यात सगळं दिसतं.

बेसल गँग्लियाचं काम वेगळं. तिथे फाटक आहे. ग्लोबस पॅलिडसचा आतला भाग थॅलॅमसला सतत दाबून ठेवतो, आणि एखादी हालचाल हवी असली की तेवढ्यापुरता दाब सैल होतो. डोपामाइन फाटक उघडणाऱ्या डायरेक्ट मार्गाला जोर देतं आणि बंद करणाऱ्या इनडायरेक्ट मार्गाला आवरतं. डोपामाइन गेलं की दोन्ही बाजूंनी फाटक बंदच होत जातं. मग हालचाल सुरू व्हायला उशीर, पल्ला छोटा, चेहरा निर्विकार, अक्षर ओळीगणिक बारीक. उलट फाटक सताड उघडं राहिलं की नको त्या हालचाली सुटतात, हंटिंग्टनमधला कोरिया किंवा सबथॅलॅमिक न्यूक्लियस गेल्यावरचा हेमिबॅलिस्मस. एक मात्र ध्यानात ठेवा, या फाटकाच्या चित्राने हालचालींचा मंदपणा नीट समजतो, विश्रांतीतला कंप तितका नीट समजत नाही. तो कंप कमी करायला शस्त्रक्रियेत थॅलॅमसच्या ज्या भागात इलेक्ट्रोड ठेवतात, तिथे सेरेबेलमचेच तंतू येतात. त्यामुळे दोघं अगदी अलिप्त आहेत असं समजू नका.

दोन्हीतला फरक मला सगळ्यात स्पष्ट दिसतो तो अंगठ्यावर तर्जनी आपटायला सांगितल्यावर. पार्किन्सनमध्ये ठेका बराचसा टिकतो, पण प्रत्येक आघात आधीच्यापेक्षा छोटा होत जातो आणि मध्येच हात अडकतो. सेरेबेलममध्ये ठेकाच मोडतो. एक आघात मोठा, एक छोटा, एक भलत्याच जागी. तबलजीने थकून हलक्या हाताने वाजवणं वेगळं आणि बेताल वाजवणं वेगळं. चालीतही तसंच आहे, एकीकडे पुढे वाकून घासत टाकलेली छोटी पावलं, दुसरीकडे पाय फाकवून झोकांड्या. स्नायू एकीकडे ताठर, दुसरीकडे ढिले.

प्रश्नात मार्क जातात ते बाजूवर. एक प्रश्न सोडवून बघू.

५२ वर्षांचा, रक्तदाब असलेला गृहस्थ. अचानक चक्कर, उलट्या, चालताना डावीकडे जातो. डावं बोट नाकाजवळ आलं की थरथरतं. डावा गुडघा ठोकला की पाय लंबकासारखा झुलत राहतो. हातापायांची ताकद पूर्ण, स्पर्शज्ञान शाबूत. पर्याय: उजवा सेरेबेलर हेमिस्फियर, डावा सेरेबेलर हेमिस्फियर, उजवा सबथॅलॅमिक न्यूक्लियस, उजवी इंटर्नल कॅप्सूल.

इंटर्नल कॅप्सूल आधी काढा, कारण ताकद पूर्ण आहे. तिथे इजा असती तर डावी बाजू लुळी पडली असती. सबथॅलॅमिक न्यूक्लियसचा पर्याय मुद्दाम ठेवलेला असतो, कारण बाजू जुळते: उजवा गेला की डावीकडेच लक्षणं येतात. पण तिथे हात आपणहून, काही करायचं नसतानाही जोरात फेकला जातो. इथे बोट नाकाजवळ नेल्यावरच थरथरतंय. म्हणजे सेरेबेलम. आता उजवा की डावा?

डाव्या सेरेबेलमचे तंतू सुपीरियर पेडंकलमधून निघून मिडब्रेनमध्ये बाजू बदलतात आणि उजव्या थॅलॅमसला, तिथून उजव्या मोटर कॉर्टेक्सला जातात. कॉर्टेक्सचे तंतू मेड्युलात पुन्हा बाजू बदलून डाव्या हाताकडे येतात. दोनदा ओलांडलं की माणूस आपल्याच काठावर परततो. उत्तर डावा सेरेबेलर हेमिस्फियर. बेसल गँग्लियाचा परिणाम त्याच बाजूच्या कॉर्टेक्समधून जातो, म्हणून तिथे एकदाच ओलांडणं होतं आणि लक्षणं विरुद्ध बाजूला येतात. ही वाट स्वतःच्या हाताने कागदावर दोनदा काढा, मग 'इप्सिलॅटरल, काँट्रालॅटरल' घोकावं लागणार नाही. हातापायांऐवजी फक्त धड डोलत असेल, बसतानाही तोल जात असेल, तर मधला भाग म्हणजे व्हर्मिस शोधा, तिथे बाजूचा प्रश्न उरत नाही.

प्रॅक्टिकलला एक चूक मी दर बॅचमध्ये बघते. विद्यार्थी आपलं बोट रुग्णाच्या नाकापासून वीतभर अंतरावर धरतो. एवढ्याशा पल्ल्यात सौम्य डिसमेट्रिया लपून जातो आणि विद्यार्थी 'नॉर्मल' लिहितो. रुग्णाचा हात पूर्ण लांब व्हायला हवा इतक्या दूर बोट धरा आणि दरवेळी जागा बदला. पार्किन्सनचा कंप दिसत नसेल तर हात मांडीवर सैल ठेवायला सांगून १०० मधून सात-सात वजा करायला लावा. लक्ष आकड्यांत गेलं की कंप वर येतो.

अजून दोन फसवे प्रश्न हमखास येतात. एकात हात समोर ताणून धरल्यावर बारीक कंप, वडिलांनाही तसाच होता, थोड्या दारूने कमी होतो, बाकी तपासणीत विशेष काही नाही. हा इसेन्शियल ट्रेमर. दुसऱ्यात रुग्ण झोकांड्या खातो, पण तक्रार अशी की सकाळी बेसिनवर तोंड धुताना डोळे मिटले की पडायला होतं. बिघाड सेरेबेलमचा असेल तर डोळे उघडे असतानाही पाय जुळवून उभं राहता येत नाही. डोळे मिटल्यावरच तोल जात असेल, म्हणजे रॉम्बर्ग पॉझिटिव्ह असेल, तर पायांकडून येणारी जाणीव तुटली आहे. तेव्हा पोस्टिरियर कॉलम किंवा परिघावरच्या नसा शोधा. पर्यायांत सेरेबेलम दिसला तरी तिकडे जाऊ नका.